करुण गीताचे सांत्वन

दुःखात असलेल्या माणसाचे मन रमावे म्हणून कोणी त्याला उडत्या चालीचे गाणे ऐकविले, तर तो बहुधा उठून दुसऱ्या खोलीत जातो. तोच मनुष्य एकटा असताना एखादे विरहाचे पद, एखादी खालच्या स्वरांत घोळणारी संथ चीज आपण होऊन लावतो, डोळे भरून येईपर्यंत ऐकतो, आणि गाणे संपल्यावर काहीसा हलका होतो. ज्या गोष्टीपासून सुटका हवी तिचीच प्रतिमा मनुष्य अशी जवळ का करतो? हा प्रश्न आजचा नव्हे. त्याचे उत्तर प्रथम आपल्याकडील पंडितांनी वादातून शोधले. पुढे अमेरिकेतील एका ग्रामोफोन कारखान्याने श्रोत्यांना पत्रके वाटून शोधले. नंतर वैद्यांनी रुग्णालयात आणि अलीकडे मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत शोधले. या शोधाचा इतिहास पाहिला म्हणजे कोणते उत्तर टिकले, कोणते गळून पडले, आणि करुण गीत कोणाला तारते व कोणाला बुडविते, हेही स्पष्ट होते.

संस्कृत साहित्यशास्त्रात हा प्रश्न करुणरसाच्या निमित्ताने उभा राहिला. शोक हा दुःखरूप. मग शोकावर उभारलेला करुणरस आनंदरूप कसा? इसवी सनाच्या १००० च्या सुमारास काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताने भट्टनायकापासून चालत आलेली साधारणीकरणाची कल्पना घेऊन याचा उलगडा केला. रंगभूमीवरील शोक प्रेक्षकाचा स्वतःचा नसतो, आणि समोरच्या नटाचाही नसतो. तो कोणा एकाचा न राहता सर्वसाधारण होतो. आपला मुलगा आजारी पडला असता पित्याच्या मनात जी धडपड उठते, जी काळजी त्याला बसू देत नाही, ती धडपड येथे नसते. कारण येथे काही वाचवावयाचे नसते, काही गमवावयाचेही नसते. स्वार्थाचा हा काटा निघाला म्हणजे शोकाचा आस्वाद घेता येतो.

चौदाव्या शतकात साहित्यदर्पणकार विश्वनाथाने याला व्यवहारातील पुरावा जोडला. करुण काव्य जर खरोखर दुःखच देत असते, तर त्याकडे कोणी फिरकलेच नसते आणि रामायणासारखी काव्ये दुःखाची कारणे ठरली असती. मग प्रेक्षकाच्या डोळ्यांतून पाणी का येते? विश्वनाथाचे उत्तर असे की ते चित्त द्रवल्याचे चिन्ह आहे. अश्रू हे नेहमीच वेदनेचे नसतात, ही गोष्ट त्याने त्या काळी नेमकी हेरली होती.

परंतु हे मत सर्वमान्य नव्हते. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राच्या रामचंद्र व गुणचंद्र या दोन शिष्यांनी नाट्यदर्पण हा ग्रंथ रचला. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून तो १९२९ साली छापून प्रसिद्ध झाला. या ग्रंथाचे म्हणणे स्पष्ट आहे: काही रस सुखरूप आहेत आणि काही दुःखरूप, करुण हा दुःखरूपच होय. सीतेचे हरण किंवा द्रौपदीची विटंबना पाहून सहृदयाला सुख होते असे म्हणणे या दोघा ग्रंथकारांना पटत नव्हते. मग लोक अशी नाटके पाहण्यास का जातात? एक तर कवीच्या आणि नटाच्या कौशल्याने मन थक्क होते. आणि दुसरे, पन्ह्यात तिखटाची चव मिसळली म्हणजे गोडी जशी खुलते, तशी दुःखाच्या आस्वादाने सुखाची चव वाढते. म्हणजे करुणातील दुःख खरेच असते, पण ते एका मोठ्या आस्वादाचा एक घटक म्हणून येते.

हे दोन पक्ष नीट ध्यानात ठेवावयास हवेत, कारण पुढची सारी चर्चा त्यांच्याच मधून वाहते. एक म्हणतो, करुण गीतातील दुःख हे दुःखच नव्हे. दुसरा म्हणतो, ते दुःखच आहे, पण त्याबरोबर दुसरे काहीतरी मिळते. मराठीत या वादाला नवे वळण नरसिंह चिंतामण केळकर यांनी दिले. १९२१ साली बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी सविकल्प समाधीची उपपत्ती मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, तरी आपले स्वतःचे भान सोडीत नाही. एकाच वेळी दोन जागी असण्याचा हा अनुभव आनंद देतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. दुसऱ्याच्या दुःखात शिरूनही काठावर उभे राहता येणे, हा करुण गीताचा गुण या उपपत्तीत चांगला बसतो.

योगायोग असा की त्याच १९२१ साली अमेरिकेत थॉमस एडिसनच्या कंपनीने हाच प्रश्न निराळ्या मार्गाने हाती घेतला होता. तेथे वाद करणारे पंडित नव्हते. तेथे ग्रामोफोनच्या तबकड्या विकावयाच्या होत्या. एडिसनला स्वतःला ऐकू कमी येत असे, तरी तबकड्यांच्या निवडीत तो जातीने लक्ष घाली. संगीताचा मनावर काय परिणाम होतो हे शोधून त्याचा विक्रीस उपयोग करावा, अशा हेतूने कंपनीने पिट्सबर्ग येथील कार्नेगी तंत्रसंस्थेतील मानसशास्त्रज्ञ वॉल्टर बिंगहॅम यांचे साहाय्य घेतले आणि एक छापील पत्रक तयार केले.

या पत्रकाची रचना साधी होती. श्रोत्याने वर तारीख, वेळ आणि हवामान लिहावयाचे. मग कोणत्या प्रकारचे गाणे ऐकावेसे वाटत आहे ते नमूद करावयाचे. त्यानंतर तबकडी लावून ऐकावयाची, आणि मनात काय पालट झाला त्याची नोंद करावयाची: गंभीर होतो तो आनंदी झालो, की आनंदी होतो तो गंभीर झालो, चिंतेत होतो तो निश्चिंत झालो, की उलट, अस्वस्थ होतो तो शांत झालो, की उलट. शेवटी गाण्याने हा पालट कसा घडविला याविषयी दोन शब्द लिहिण्यास जागा ठेवलेली असे. ही पत्रके विक्रेत्यांमार्फत घरोघर गेली, आणि मित्रमंडळी जमवून ती भरण्याच्या बैठकीही भरू लागल्या. हजारो पत्रके भरून परत आली.

त्यांच्या आधारे कंपनीने एक पुस्तिका काढली. तीत ११२ तबकड्या बारा गटांत मांडल्या होत्या, आणि प्रत्येक गटाचे नाव गाण्याच्या जातीवरून न ठेवता श्रोत्याच्या मनःस्थितीवरून ठेवले होते. शांती हवी असेल तर हा गट, उत्साह हवा असेल तर तो, मुलांसाठी आणखी एक. त्यांत हुरहुर लागली असताना ऐकावयाची गाणी हा एक गट होता आणि कोमल आठवणींसाठी दुसरा. उदास करणारे गाणे लोक विकत घेतील काय, या शंकेचे उत्तर या दोन गटांनीच दिले. हुरहुर घालविणारी गाणी मागण्याऐवजी हुरहुरीत ऐकण्याजोगी गाणी मागणारा ग्राहक होता, आणि तो पुस्तिकेत जागा द्यावी इतका मोठा होता.

पुढे १९२७ साली मॅक्स शोएन यांनी संपादिलेल्या ग्रंथात शोएन आणि एस्थर गेटवुड यांनी या प्रकारच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष असा की संगीताने मनःस्थितीत पालट होतो, आणि एकच गाणे ऐकणाऱ्या बहुसंख्य श्रोत्यांत तो पालट बराचसा एकाच दिशेचा असतो. पण या पत्रकांचे दोष विसरून चालणार नाही. श्रोत्याला कशाची नोंद करावयाची हे आधीच ठाऊक होते. गाणे त्याने पुष्कळदा स्वतःच्या आवडीने निवडले होते. आणि गाणे न ऐकता तितकाच वेळ स्वस्थ बसला असता तर काय झाले असते, हे ताडून पाहण्याची सोय नव्हती. शिवाय पत्रकातील शब्द जोडीजोडीने होते. गाणे ऐकून दुःख वाढले आणि त्याच क्षणी समाधानही वाटले, असे ज्याला सांगावयाचे असेल त्याला ते त्या जोड्यांत बसविता येत नसे. करुण गीताचा मर्मबिंदू नेमका तोच आहे, आणि तोच या जाळ्यातून निसटला.

तो रुग्णालयात पुन्हा हाती लागला. अमेरिकेत डेट्रॉइट शहराजवळ एलॉइज येथे मनोरुग्णांचे मोठे रुग्णालय होते. तेथे आयरा आल्ट्शुलर हे मनोवैद्य रुग्णांवर संगीताचे प्रयोग करीत असत. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी आपल्या अनुभवाचे एक तत्त्व सांगितले, आणि त्याला समान या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आयसो असे नाव दिले. रुग्णाच्या मनाची गती आणि गाण्याची गती यांचा प्रथम मेळ घालावा. खिन्न रुग्णासमोर एकदम द्रुत लयीचे, उल्हासाचे वादन केले तर तो प्रतिसाद देत नाही; संथ लयीने प्रारंभ केला तर त्याचे लक्ष वेधले जाते, आणि मग लय हळूहळू चढवीत नेता येते. उन्मादी रुग्णाच्या बाबतीत याच्या उलट, प्रारंभ द्रुत लयीने करावयाचा.

दुःखी माणूस उडत्या गाण्यापासून उठून का जातो, याचे उत्तर येथे मिळते. ते गाणे त्याच्या मनाच्या गतीशी जुळतच नाही. त्यात त्याला परकेपणा जाणवतो. संथ करुण गीत त्याच्या पावलाशी पाऊल जुळवून चालते. मात्र आल्ट्शुलर यांच्या पद्धतीत संथ गाणे हा प्रवासाचा आरंभ होता, मुक्काम नव्हता, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

मेळ जमला तरी त्यातून सांत्वन का उपजावे, हे अजून सांगावयाचे राहते. २०११ साली अमेरिकेतील डेव्हिड ह्यूरन यांनी त्याचे मोठे आकर्षक उत्तर मांडले. स्तनदा मातेच्या शरीरात दूध उत्पन्न होण्यास प्रोलॅक्टिन नावाचा स्राव कारण होतो. हाच स्राव शोकाच्या वेळीही वाढून मनाला एक प्रकारचा दिलासा देतो, असे ह्यूरन यांचे गृहीत होते. करुण गीत ऐकताना शरीर फसते. शोक झाला असे समजून ते दिलाशाचा स्राव सोडते. पण प्रत्यक्ष हानी काहीच झालेली नसते. घाव नाही, आणि मलम मात्र मिळाले, अशी ही स्थिती. लौकिक शोकाचा काटा काढून उरलेला आस्वाद, ही अभिनवगुप्ताची कल्पना जणू शरीरशास्त्राच्या भाषेत अवतरली.

उत्तर सुंदर असले म्हणून ते खरे ठरत नाही. इंग्लंडमधील डरॅम विद्यापीठाचे तुओमास एरोला व त्यांचे सहकारी यांनी २०२१ साली या कल्पनेची प्रत्यक्ष मोजणी करून पाहिली. दुसऱ्याच्या भावनेशी लवकर एकरूप होणारे आणि तसे न होणारे, असे दोन प्रकारचे श्रोते त्यांनी निवडले; त्यांना अपरिचित करुण संगीत ऐकविले आणि त्यांच्या शरीरातील स्राव मोजले. हळव्या श्रोत्यांत प्रोलॅक्टिन वाढावयास हवे होते. ती अपेक्षित वाढ दिसून आली नाही. शरीर फसते आणि मलम लावते, ही कथा निदान त्या साध्या रूपात टिकली नाही. जे टिकले ते असे की दुसऱ्याच्या दुःखाने ज्याचे मन लवकर द्रवते, त्यालाच करुण संगीताची गोडी अधिक असते, आणि त्या गोडीत मन हेलावल्याचा अनुभव प्रमुख असतो. विश्वनाथाचे चित्ताचे द्रवणे येथे पुन्हा भेटते.

ज्यांना हे द्रवणे प्रिय आहे, ते त्याचा उपयोग केव्हा करतात? बर्लिन येथील लिला तारुफी आणि श्टेफान कोल्श यांनी २०१४ साली ७७२ श्रोत्यांची उत्तरे प्रसिद्ध केली. करुण संगीत ऐकून कोणती भावना होते, असे विचारता सर्वांत अधिक वेळा आलेले उत्तर दुःख हे नव्हते. ते गतकाळाविषयीच्या हुरहुरीचे होते. करुण गाणे लोक विशेषतः मन दुखावले असता किंवा एकाकी वाटत असता लावीत. त्यापासून होणाऱ्या लाभांत भावनेला वळण लावता येणे, दुसऱ्याशी समरस होणे, कल्पनेला वाव मिणे, आणि या दुःखाचे प्रत्यक्ष जीवनात काही परिणाम नसणे, ही चार कारणे पुढे आली. एकाकीपणाचा उल्लेख विशेष बोलका आहे. गाणारा आवाज ही एक सोबत असते, आणि ती सोबत काही मागत नाही, उपदेश करीत नाही, रडणे आटोपते घे असे सांगत नाही.

महाराष्ट्रातील बायकांना ही सोबत फार पूर्वीपासून ठाऊक होती. पहाटे जात्यावर बसलेली सासुरवाशीण आपले दुःख ओवीत घाली, आणि माणसाला सांगता न येणारे जात्याला सांगे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस अशा ओव्या गावोगाव फिरून गोळा केल्या, तेव्हा त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्या ओवीचा एक गुण तबकडीवरच्या गाण्यात नाही: दळण संपले की ओवी संपत असे. दुःखाला जागा मिळे, पण तिला दाण्यांच्या मापाची मर्यादा असे.

या मर्यादेचे महत्त्व कळण्यासाठी एक उदाहरण घ्यावे. दोन माणसांचा जिवलग मित्र वारला आहे असे समजू. पहिला मनुष्य रात्री करुण पद ऐकतो. पहिल्या कडव्यात त्याला मित्राचा शेवटचा दिवस आठवतो; पुढे त्याच स्वरांवर दोघांनी मिळून केलेला प्रवास आठवतो; मग पदातील विरहिणीचे दुःख आणि आपले दुःख एकाच जातीचे आहे असे त्याला वाटते. तो रडतो, आणि गाणे संपल्यावर मित्राच्या घरच्यांना उद्या भेटावयास जावे असे ठरवून झोपतो. दुसरा मनुष्य तेच पद ऐकतो. त्याच्या मनात एकच विचार आहे: आपण वेळेवर गेलो असतो तर. पद संपते, तो ते पुन्हा लावतो, आणि तोच विचार पुन्हा त्याच शब्दांत येतो. चौथ्या वेळी पदातील विरहिणी नाहीशी झालेली असते. उरलेला असतो तो केवळ त्याचा स्वतःविषयीचा आरोप. अभिनवगुप्ताच्या भाषेत सांगावयाचे तर येथे साधारणीकरण झालेच नाही. शोक त्याचा स्वतःचाच राहिला, आणि गाणे त्याला वारा घालीत बसले.

हा भेद केवळ कल्पनेचा नाही. ऑस्ट्रेलियातील सँड्रा गॅरिडो आणि एमरी शूबर्ट यांनी दुःखाचे रवंथ करण्याची सवय असलेल्या श्रोत्यांचा अभ्यास केला. करुण संगीत ऐकल्यानंतर अशा श्रोत्यांची खिन्नता वाढण्याकडे कल दिसून आला. फिनलंडमध्ये सुवी सारिकालिओ आणि याक्को एर्किला यांनी २००७ साली आठ तरुण श्रोत्यांशी सविस्तर बोलून मन सावरण्यासाठी संगीत वापरण्याच्या सात तऱ्हा नोंदविल्या. त्यांत लक्ष दुसरीकडे वळविणे, कोंडलेल्या भावनेला वाट देणे, घडलेल्या गोष्टीचा विचार करून तिचा अर्थ लावणे, आणि सांत्वन मिळविणे, अशा निरनिराळ्या तऱ्हा आहेत. वरील उदाहरणातील पहिल्या मनुष्याला सांत्वन मिळाले आणि विचारही पुढे गेला. दुसऱ्याला वाट करून द्यावयाची होती, पण वाट वर्तुळाकार निघाली.

ही ओळख घरी बसूनही पटविता येते. गाणे चालू असताना मनात येणारी चित्रे बदलत असतील, गाण्यातील माणूस डोळ्यांपुढे राहत असेल, आणि गाणे संपल्यावर उठून एखादे लहानसे काम करावेसे वाटत असेल, तर करुण गीत आपले काम करीत आहे. एकच वाक्य फिरून येत असेल, तबकडी पुन्हा लावण्याची घाई होत असेल, माणसांचा कंटाळा वाढत असेल, तर आल्ट्शुलर यांची दुसरी पायरी घेण्याची वेळ झाली आहे असे समजावे: संथ गाण्यामागून किंचित चढत्या लयीचे, मग आणखी थोडे मोकळे. एकदम उडत्या चालीवर उडी घेतली तर मन पुन्हा उठून जाईल. आणि अशी खिन्नता आठवडेच्या आठवडे टिकून झोप व अन्न यांवर परिणाम करू लागली, तर तिला गाण्याच्या निवडीचा प्रश्न न समजता वैद्याकडे जावे.

म्हणजे नाट्यदर्पणकार आणि विश्वनाथ यांच्या वादाचा निकाल एका बाजूने लागला असे म्हणता येत नाही. करुण गीतातील दुःख ज्याला आपल्यापासून थोडे दूर धरता येते, जो काठावरचे भान राखतो, त्याच्यापुरता विश्वनाथ खरा आहे. ज्याचे दुःख ताजे आणि स्वतःचेच आहे, त्याच्यापुरते रामचंद्र व गुणचंद्र खरे आहेत: ते दुःखच असते, आणि ते पन्ह्यातील तिखटाइतके आहे तोवरच गोडी वाढविते. किती तिखट सोसेल हे पन्हे करणाऱ्याला सांगता येत नाही. ते पिणाऱ्याची जीभच सांगते.